तीन ओळींचा कोड आणि विपरीत बोध : तांत्रिक स्लाइडवरील कोडच्या मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्यापनात आणि तांत्रिक व्याख्यानांत पडद्यावर कोड दाखवण्याचे तीन संकेत आता रूढ झाले आहेत. कोड समान रुंदीच्या, म्हणजे मोनोस्पेस, फॉन्टमध्ये असावा. ज्या ओळीविषयी बोलायचे ती उठून दिसावी. आणि एका स्लाइडवर मोजक्याच ओळी असाव्यात. हे तिन्ही संकेत मुळात योग्य आहेत. परंतु ते केवळ सुवाच्यतेचे नियम म्हणून पाळले जातात आणि तेथेच अडचण उत्पन्न होते. पडद्यावर कोणत्या ओळी ठेवायच्या व त्यांतील कोणती रंगवायची, हा निर्णय म्हणजे त्या कोडविषयी केलेले एक विधानच असते. ते विधान चुकले तर स्लाइड शेवटच्या बाकावरून स्वच्छ वाचता येते आणि तरीही वस्तुस्थितीच्या नेमका उलट बोध करून देते. प्रस्तुत लेखात या मुद्द्याची चिकित्सा एका सर्वपरिचित उदाहरणाच्या आधारे केली आहे.

उदाहरणाचे स्वरूप

फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपल कंपनीने आपल्या फोनच्या व संगणकाच्या कार्यप्रणालींत एक तातडीची सुरक्षा दुरुस्ती केली. फोनसाठी ती 21 फेब्रुवारीला आयओएस 7.0.6 या आवृत्तीतून आली, तर संगणकासाठी 25 फेब्रुवारीला ओएस एक्स 10.9.2 मधून. मूळ दोष सी भाषेतील `sslKeyExchange.c` या फाइलमध्ये होता आणि ती फाइल सार्वजनिक असल्यामुळे जगभरच्या अभ्यासकांना तो लगेच पाहता आला. `goto fail;` ही ओळ एकदा हवी तेथे दोनदा आली होती, एवढाच तो दोष. त्या ओळीवरूनच त्याला 'गोटू फेल' हे नाव पडले. प्रोग्रॅमिंग, सॉफ्टवेअर चाचणी आणि संगणक सुरक्षा या तिन्ही विषयांच्या वर्गांत हे उदाहरण घेण्यासारखे आहे, कारण चूक अतिशय लहान आणि परिणाम अतिशय मोठा.

ज्या फंक्शनमध्ये ही चूक होती, त्याचे काम असे : ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळाशी जोडला जात असताना सर्व्हर आपली काही माहिती स्वाक्षरी करून पाठवतो. ती स्वाक्षरी खरी आहे काय, हे फंक्शनने तपासायचे. खरी असेल तर 0 हे मूल्य परत करायचे, नसेल तर दोषाचा क्रमांक परत करायचा. दोषाशी संबंधित भाग, रिकाम्या ओळी धरून, 28 ओळींचा आहे. त्यातील पाचवी ते अकरावी ओळ पुढीलप्रमाणे :

```
 5      if ((err = SSLHashSHA1.update(&hashCtx, &serverRandom)) != 0)
 6          goto fail;
 7      if ((err = SSLHashSHA1.update(&hashCtx, &signedParams)) != 0)
 8          goto fail;
 9          goto fail;
10      if ((err = SSLHashSHA1.final(&hashCtx, &hashOut)) != 0)
11          goto fail;
```

ओळींचे क्रमांक येथे या उताऱ्यापुरते दिले आहेत. तेराव्या ओळीत स्वाक्षरीची प्रत्यक्ष तपासणी करणारे `sslRawVerify` हे फंक्शन बोलावले जाते, पंचविसाव्या ओळीवर `fail:` ही खूण आहे आणि अठ्ठाविसाव्या ओळीत `return err;` आहे.

अठ्ठावीस ओळी का मावत नाहीत

'मोजक्या ओळी' हा संकेत पुष्कळदा अभिरुचीचा प्रश्न समजला जातो. वास्तविक तो साध्या अंकगणिताचा प्रश्न आहे. रुंद स्लाइडचे माप 13.33 इंच बाय 7.5 इंच, म्हणजे उंची 540 पॉइंट. शीर्षक व खालची मोकळी जागा वजा केल्यास कोडसाठी सुमारे 400 पॉइंट उरतात. 28 ओळी त्यात बसवायच्या तर एका ओळीच्या वाट्याला 14 पॉइंट येतात आणि अक्षर 12 पॉइंटचे करावे लागते. पडदा 1.5 मीटर उंच धरला, तर 12 पॉइंटच्या फॉन्टमधील लहान अक्षर पडद्यावर सुमारे 17 मिलीमीटर उंच दिसेल. दहा मीटरवर बसलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्याशी ते जेमतेम पावणेसहा कला इतका कोन करते. नेत्रतपासणीच्या तक्त्यावर 6/6 दृष्टी ठरवणारे अक्षर पाच कलांचा कोन करते. याचा अर्थ, निर्दोष दृष्टीचा विद्यार्थीही तेथे वाचनक्षमतेच्या काठावरच बसलेला असतो. शिवाय कोडमध्ये अर्धविराम आणि `!` व `=` यांसारखी चिन्हे अक्षरांहून बारीक असतात व अर्थ पुष्कळदा त्यांच्यावरच अवलंबून असतो. गद्यातील एखादे अस्पष्ट अक्षर संदर्भाने भरून काढता येते. `!=` मधील उद्गारचिन्ह तसे भरून काढता येत नाही.

रुंदीचा हिशेबही असाच करता येतो, आणि तो करता येणे हाच मोनोस्पेस फॉन्टचा एक लाभ आहे. कन्सोलस या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी फॉन्टच्या आकाराच्या 0.55 पट असते. कुरिअर न्यूमध्ये ती 0.6 पट असते. वरील सातवी ओळ, मूळ फाइलमधील चार मोकळ्या जागा धरून, 65 अक्षरांची आहे. कन्सोलस 24 पॉइंटमध्ये तिला सुमारे 11.9 इंच लागतात, म्हणजे ती रुंद स्लाइडवर मावते. कुरिअर न्यूमध्ये तिला 13 इंच लागतात आणि कडेला काहीच उरत नाही. जुन्या 10 इंची स्लाइडवर तर ती दोन्ही फॉन्टमध्ये मोडून पुढच्या ओळीवर जाते. कोडच्या ओळी 80 अक्षरांपर्यंत नेण्याची प्रथा छिद्रपत्रांच्या काळापासून चालत आली आहे. स्लाइडवरची ओळ त्याहून आखूड असते, ही गोष्ट फाइलमधून कोड उचलून स्लाइडवर चिकटवताना लक्षात राहत नाही.

येथे एका छुप्या दोषाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पॉवरपॉइंटसारख्या साधनांत मजकूर चौकटीबाहेर जाऊ लागला की 'ऑटोफिट'ची सोय अक्षरांचा आकार निमूटपणे कमी करते. कोड थोडा वाढला की अक्षर थोडे लहान होते आणि स्लाइड तयार करणाऱ्याला ते जाणवतही नाही, कारण तो पडद्यापासून दोन फुटांवर बसलेला असतो. एकाच व्याख्यानातील लागोपाठच्या दोन स्लाइडवर तोच कोड वेगवेगळ्या आकारांत दिसू लागला, तर हा प्रकार घडला आहे असे खुशाल समजावे.

मोकळ्या जागेचा अर्थ

मोनोस्पेस फॉन्ट कशासाठी, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर 'तो कोडसारखा दिसतो' असे असते. हे उत्तर अपुरे आहे. कोडमध्ये ओळीच्या आरंभीची मोकळी जागा वाचकाला कोणती ओळ कोणाच्या अधीन आहे हे सांगते. मोनोस्पेस फॉन्टमध्ये मोकळी जागाही अक्षराइतकीच रुंद असते. 24 पॉइंटच्या कन्सोलसमध्ये चार मोकळ्या जागांनी ओळ जवळजवळ पाऊण इंच आत सरकते. टाइम्स न्यू रोमनमध्ये मोकळी जागा आकाराच्या केवळ पावपट असते. त्यामुळे त्याच चार जागांनी ओळ एक तृतीयांश इंचच सरकते. अक्षरे तेवढीच मोठी राहतात, पण कोडची रचना निम्म्याहून अधिक सपाट होते.

गोटू फेलच्या बाबतीत ही गोष्ट निर्णायक ठरते, कारण येथे मोकळी जागाच दिशाभूल करते. सी भाषेत महिरपी कंस नसतील तर `if` च्या अटीखाली फक्त लगतचे एक विधान येते. म्हणजे आठवी ओळ अटीच्या अधीन आहे, नववी नाही. पण नववी ओळ आठवीइतकीच आत सरकलेली असल्यामुळे डोळा तिलाही अटीखाली धरतो. संगणक मोकळ्या जागेकडे पाहत नाही, मनुष्य पाहतो. दोष दडला तो या दोहोंमधील अंतरात. म्हणून हे उदाहरण शिकवताना ती फसवी मोकळी जागा जशीच्या तशी दाखवणे अनिवार्य आहे. प्रत्यक्षात मात्र अनेकजण स्लाइडवर नेण्यापूर्वी कोड आपोआप नीटनेटका करणाऱ्या साधनातून काढतात. ते साधन व्याकरणानुसार नववी ओळ डावीकडे ओढून `if` च्या रेषेत आणते. स्लाइड अधिक सुबक होते, चूक ढळढळीत दिसू लागते आणि 'इतकी उघड चूक कोणाच्याच लक्षात कशी आली नाही?' असा साळसूद प्रश्न वर्गात उमटतो. ज्या गोष्टीमुळे चूक लक्षात आली नाही, ती स्लाइड तयार करतानाच पुसली गेलेली असते. पुढे 2016 मध्ये जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत अशा फसव्या मोकळ्या जागेबद्दल इशारा देणारा `-Wmisleading-indentation` हा पर्याय आला व तो `-Wall` मध्ये समाविष्ट झाला. नीटनेटक्या केलेल्या स्लाइडवरून या इशाऱ्याचे प्रयोजनही समजावून सांगता येत नाही.

ठळक ओळ : उत्तर आणि प्रश्न

ओळ ठळक करण्याच्या तीन रीती आढळतात : ओळीमागे रंगाचा पट्टा देणे, इतर ओळी करड्या करून ही ओळ तशीच ठेवणे, अथवा ओळीची अक्षरेच लाल वा जाड करणे. यांपैकी तिसरी रीत सर्वांत दुबळी म्हणावी लागेल. कोडला आधीच वाक्यरचनेनुसार रंग दिलेले असतात; त्यात आणखी एक लाल मिसळला की तो अर्थवाहक रंग आहे की लक्षवेधक, हे कळत नाही. लाल-हिरव्यातील भेद न दिसणाऱ्या विद्यार्थ्याला तर त्याचा उपयोगच नाही. खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात फिकट पिवळा पट्टा प्रोजेक्टरच्या प्रकाशात विरून जातो आणि झेरॉक्स प्रतीत तर तो नाहीसाच होतो. पट्ट्याच्या जोडीला ओळीच्या डाव्या कडेला एक जाड उभी रेघ किंवा बाण दिल्यास या सर्व परिस्थितींत खूण टिकते.

परंतु रीतीपेक्षा वेळेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. नववी ओळ पहिल्याच क्षणी रंगवून दाखवली, तर विद्यार्थ्याला वाचण्यासारखे काही उरत नाही. तो ती ओळ पाहतो, 'एक ओळ जास्त आहे' हे मान्य करतो आणि पुढच्या स्लाइडची वाट पाहतो. हीच सात ओळींची स्लाइड कोणतीही खूण न करता एखादे मिनिट पडद्यावर ठेवली आणि 'दहावी ओळ केव्हा चालेल?' एवढेच विचारले, तर मोकळ्या जागेने डोळ्याला कसे फसवले याचा अनुभव प्रत्येकाला स्वतः येतो. खूण त्यानंतर यावी. ती येताना कोडची एकही ओळ जागेवरून हलता कामा नये. दोन स्लाइडमध्ये कोड अर्धा इंच जरी वर-खाली झाला, तरी डोळा बदललेली खूण सोडून सरकलेल्या मजकुराचा माग काढू लागतो. मूळ स्लाइडची प्रत काढून तिच्यावर फक्त पट्टा देणे, हा यावरचा खात्रीचा मार्ग होय.

तीन ओळींचा विपरीत बोध

आता मुख्य आक्षेपाकडे वळता येईल. मोजक्या ओळींचा संकेत काटेकोरपणे पाळला, तर गोटू फेलची स्लाइड स्वाभाविकपणे सात, आठ आणि नऊ या तीनच ओळींची होते आणि नववी ओळ ठळक केली जाते. अक्षरे मोठी, फॉन्ट योग्य, खूण स्पष्ट. रूढ निकषांवर ही स्लाइड निर्दोष ठरते. पण ती पाहणारा विद्यार्थी काय समजतो? नववी ओळ नेहमीच चालते आणि प्रोग्रॅम `fail` कडे जातो. 'फेल' म्हणजे नापास. तेव्हा प्रत्येक जोडणी नापास होत असणार, कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नसणार, असा निष्कर्ष तो काढतो. त्या तीन ओळींवरून हाच निष्कर्ष तर्कशुद्ध आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. कोणतीही जोडणी नापास होत नव्हती. खोटी स्वाक्षरीसुद्धा पास होत होती. सर्व काही सुरळीत चालत असल्यामुळेच तर दोष दडून राहिला.

याचे कारण त्या तीन ओळींत नाही. ते `err` या चलाच्या प्रवासात आहे. सातव्या ओळीत `err` ला मूल्य मिळते आणि काम यशस्वी झाले असेल तर ते 0 असते. अट खोटी ठरते, आठवी ओळ वगळली जाते, नववी ओळ चालते. त्या क्षणी `err` मध्ये 0 च आहे. तेराव्या ओळीतील तपासणी कधी चालतच नाही. `fail:` ही खूण नावाने अपयशाची असली, तरी तेथे अपयश नोंदवणारे काहीही नाही. तेथे फक्त साफसफाई होते आणि अठ्ठाविसाव्या ओळीत `err` जसाच्या तसा परत जातो. तो 0 असल्यामुळे बोलावणाऱ्याला 'स्वाक्षरी खरी आहे' असे उत्तर मिळते. एकाच वायफायवर बसलेला तिऱ्हाईत मध्येच स्वतःला बँकेचा सर्व्हर म्हणवू शकत होता, तो यामुळे.

तीन ओळींच्या स्लाइडचा आणखी एक परिणाम होतो. तिच्यावरून होणारी चर्चा हटकून महिरपी कंसांकडे वळते : कंस घातले असते तर चूक टळली असती काय? हा प्रश्न गैर नाही. दुसरी `goto fail;` कंसाच्या आत पडली असती तर निरुपद्रवी ठरली असती, बाहेर पडली असती तर नाही. पण तपासणी पूर्ण होण्याआधीच `err` मध्ये यशाचे मूल्य का बसलेले असावे, आणि मुद्दाम चुकीची स्वाक्षरी पाठवून पाहणारी एकही चाचणी या मार्गावर कशी नव्हती, हे अधिक गंभीर प्रश्न त्या स्लाइडवरून उपस्थितच होत नाहीत. जे पडद्यावर नाही, ते चर्चेतही येत नाही.

तेव्हा ओळींची निवड चुकीच्या ओळीभोवतालचा तुकडा कापून करता येत नाही. मूल्य जेथे बसते, जेथून प्रवाह वळतो, जे वगळले जाते आणि जेथून मूल्य बाहेर पडते, या ठिकाणांच्या ओळी घ्याव्या लागतात. प्रस्तुत उदाहरणात त्या अशा होतील :

```
 7      if ((err = SSLHashSHA1.update(&hashCtx, &signedParams)) != 0)
 8          goto fail;
 9          goto fail;
        /* 10-12 */
13      err = sslRawVerify( /* ... */ );
        /* 14-24 */
25  fail:
        /* 26-27 */
28      return err;
```

ओळी नऊच आहेत. डावीकडच्या क्रमांकांमुळे रुंदी चार अक्षरांनी वाढते, म्हणून कन्सोलस 22 पॉइंटला आणावा लागतो. सर्वांत लांब ओळ मग सुमारे 11.6 इंचांत बसते आणि दोन्ही कडांना पुरेशी जागा राहते. या स्लाइडवर खूण एकाच ओळीवर स्थिर ठेवून भागत नाही. प्रथम ती सातव्या ओळीवर असावी व शेजारी `err = 0` असे लिहावे. मग नवव्या ओळीवर. तेथून थेट पंचविसाव्या व अठ्ठाविसाव्या ओळीवर. तेरावी ओळ मात्र संपूर्ण प्रवासात एकदाही ठळक होत नाही. ती पडद्यावर आहे, पण खूण तिच्यावरून उडी मारून जाते. तपासणी झालीच नाही, ही गोष्ट विद्यार्थ्याला अशा रीतीने डोळ्यांनी दिसते.

वगळलेल्या ओळींची खूण कशी करावी, हा प्रश्नही किरकोळ नाही. नुसती तीन टिंबे संदिग्ध ठरतात. सी भाषेत फंक्शनच्या व्याख्येत तीन टिंबांना स्वतःचा अर्थ आहे आणि पायथनमध्ये तर ती स्वतंत्र वैध राशी आहे. टिपणाच्या चिन्हांत मूळ क्रमांक दिल्यास काय वगळले व किती वगळले, दोन्ही कळते. क्रमांक सलग नसणे हीच वगळल्याची कबुली होते. स्लाइडसाठी 1 पासून नवे क्रमांक देणारे ही कबुली नकळत पुसून टाकतात. वगळलेल्या ओळी पाहू इच्छिणाऱ्यांसाठी संपूर्ण 28 ओळी कागदावर छापून द्याव्यात. 12 पॉइंटचे जे अक्षर दहा मीटरवरून वाचता येत नाही, ते हातातल्या कागदावर सहज वाचता येते.

स्लाइडवरून कंपायलरकडे

पडद्यावरचा कोड विद्यार्थी पुढे स्वतःच्या संगणकावर चालवून पाहतो, याचेही भान ठेवावे लागते. सादरीकरणाच्या साधनांत कोड थेट टंकित केल्यास सरळ अवतरणचिन्हे वळणदार होतात आणि ओळीच्या आरंभीचा `if` हा `If` होतो. वळणदार चिन्हे पडद्यावर अधिक देखणी दिसतात, पण जीसीसीच्या जुन्या आवृत्त्या त्यांवर `stray '\342' in program` असा गूढ संदेश देतात आणि नवशिका विद्यार्थी आपल्याच तर्कात चूक शोधत बसतो. कोड चालणाऱ्या फाइलमधून चिकटवणे आणि त्या चौकटीपुरती स्वयंदुरुस्ती बंद ठेवणे, हा याचा साधा उपाय आहे. काहीजण त्याऐवजी संपादकाच्या खिडकीचे छायाचित्रच लावतात. त्यात अक्षरे बदलत नाहीत हे खरे, पण आकार दुसऱ्या पडद्याचा असतो, ताणल्यावर कडा धूसर होतात आणि एखादी ओळ वगळायची वा खूण हलवायची झाल्यास पुन्हा नवे छायाचित्र घ्यावे लागते.

मराठीतून शिकवणाऱ्यांपुढे एक वेगळीच अडचण येते. कोडच्या आत देवनागरीत टिपणे लिहिली, तर कन्सोलस वा कुरिअर न्यूमध्ये ती अक्षरे नसल्यामुळे साधन तेवढ्यापुरता दुसरा फॉन्ट घेते. जोडाक्षरे व मात्रा समान रुंदीच्या घरांत बसत नाहीत. टिपणानंतरची उभी रेषा ढळते आणि मात्रा-उकारांसाठी त्या एका ओळीची उंची वाढून खालचा सारा कोड सरकतो. मघाशी सांगितलेली, दोन स्लाइडमध्ये कोड जागेवरून न हलण्याची अट तेथेच मोडते. म्हणून मराठी स्पष्टीकरण कोडच्या चौकटीबाहेर, उजवीकडे किंवा खाली, स्वतंत्र चौकटीत ठेवावे आणि ते ओळीच्या क्रमांकाने कोडशी जोडावे. वरील स्लाइडवर 'ओळ 13 : येथे पोहोचणे होत नाही' एवढे लिहिले की पुरते.